डिक्री पूर्ण वाचली भाऊ, तुमाले काय पाळाचं ते लिहून ठेवलं

भाऊ, तुमच्या घटस्फोटाच्या 5 मे 2025 च्या डिक्रीची सर्टिफाइड कॉपी काल हातात आली, रात्री दोनदा वाचली. फोनवर सांगितलेलं ध्यानात राहत नाही म्हणून लिहून देतो, हे घरात कोणाकडून तरी मोठ्यानं वाचून घ्या.

पहिले पोटगी, कारण फसाल तर इथंच फसाल. वहिनीले महिन्याचे 4000 अन् पोरीले लग्न होईपर्यंत 3000, मिळून 7000, दर महिन्याच्या 10 तारखेच्या आत तिच्या खात्यात. हातात एक रुपयाही देऊ नका, तिच्या भावाजवळ तर नाहीच. बँकेची पावती नसली की कोर्टात तो पैसा दिलाच नाही असं धरतात. मागची थकबाकी वेगळी हाय. 18 महिन्यांचे 1,26,000 झाले, त्यातून अंतरिमचे दिलेले 42,000 वजा, राहिले 84,000. ते 28,000 च्या तीन हप्त्यांत, 31 जुलै, 30 सप्टेंबर, 30 नोव्हेंबर. म्हणजे दोन हप्ते कापूस घरी यायच्या आधीच भराचे हायेत, त्याची सोय आतापासून लावा.

पाऊस दगा देऊन पीक गेलं तर आपल्या मनानं पैसे बंद नका करू, मले सांगा. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 25(2) खाली रक्कम कमी कराचा अर्ज लावता येते, पण ऑर्डर येईस्तोवर हेच 7000 चालू. नाहीतर वसुलीची दरखास्त येते अन् जप्ती लागते.

पोरीचा ताबा आईकडे. भेट दुसऱ्या अन् चौथ्या रविवारी, सकाळी 10 ते संध्याकाळी 5, घ्याचं-सोडाचं वहिनीच्या माहेरच्या गावच्या शाळेच्या गेटवर, घराच्या दारात जाऊ नका. मुक्कामी नाही, फक्त दिवाळीत 7 दिवस अन् उन्हाळ्यात 15 दिवस. 5 म्हणजे 5 च, एसटी चुकली हे कारण चालत नाही, आधीची गाडी पकडा. अन् भाऊ, वहिनीनं एखादे वेळी पोरगी दिली नाही तर पोटगी अडवू नका, दोन्ही वेगळ्या गोष्टी हायेत, तारीख लिहून ठेवा, आपण अर्ज करू. शाळेचा खर्च अर्धा तुमचा, पावती दाखवली की 15 दिवसांत.

मालमत्तेत तिचं स्त्रीधन, 3 तोळे सोनं, शिलाई मशीन अन् कपाट, 4 जूनच्या आत परत. यादी करून दोन पंचांच्या सह्या घ्या, सोनं सोनाराकडून तोलून. तुमच्या 2 एकरावर पोटगीचा बोजा टाकला हाय, सातबाऱ्यावर इतर हक्कात नोंद येईन. वावर विकाचं किंवा गहाण ठेवाचं तर कोर्टाची परवानगी लागन, सावकाराले तर शब्दही देऊ नका.

अपील कराचं असलं तर 90 दिवस हायेत, पण अपील टाकलं म्हणून पैसे थांबत नाहीत, स्टे वेगळा मागावा लागते. ती मुदत संपेस्तोवर दुसऱ्या लग्नाची बोलणी नको.

पहिली 10 तारीख जूनची. भरल्यावर पावतीचा फोटो मले पाठवा.