कॅफेवाल्या दादांना, निळी पिशवी राहिलीय त्याबद्दल

नमस्कार दादा, एवढ्या रात्री मेसेज करतीय, सॉरी. आज दुपारी माझ्यासोबत एक चिनी मुलगी आली होती बघा तुमच्या कॅफेत, केस बारीक कापलेली, चष्मावाली, तिची एक पिशवी तुमच्याकडं राहिलीय. तिनं संध्याकाळी सातला तुमच्या बोर्डवरच्या नंबरवर इंग्लिशमधे मेसेज टाकला होता, त्याला तुमच्याकडनं अंगठा आला पण पुढं काहीच नाही, त्यामुळं पिशवी सापडली म्हणून अंगठा की मेसेज बघितला म्हणून अंगठा हे तिला कळेना आणि ती गाडीत बसून मला सारखी विचारतीय. तुम्हाला इंग्लिश येतं हो, पण रात्री आवरायला मुलं असतात आणि सकाळी झाडायला मावशी येतात, त्यांनाही वाचून दाखवता यावं म्हणून तिचाच मेसेज मी साध्या मराठीत करून देतीय. तिनं सांगितलंय की अवघड शब्द घालू नको.

तिचा मेसेज असा आहे:

"नमस्कार. मी आज दुपारी तुमच्याकडं कॉफी प्यायला आले होते. माझी निळी कापडी पिशवी तिथंच राहिली. मी खिडकीजवळच्या टेबलावर बसले होते. पिशवी खुर्चीला अडकवली होती. आत एक वही आहे, दम्याचा पंप आहे आणि खाकी कागदाची चार पानं आहेत. पानं कचऱ्यासारखी दिसतात, पण टाकू नका. ती मी माझ्या वडिलांसाठी केली आहेत. मी पुण्याला निघाले आहे, मला परत येता येणार नाही. माझी मैत्रीण येऊन पिशवी घेऊन जाईल. सापडली असेल तर फक्त 'हो' लिहा. नसेल सापडली तरी सांगा. तुम्हाला त्रास होतोय, माफ करा. कॉफी छान होती."

एवढाच तिचा मेसेज. 'टाकू नका' हे तिनं दोनदा लिहिलंय, मी एकदाच लिहिलं, पण तुम्ही ते दोनदा वाचा.

आता माझ्याकडनं जरा सविस्तर सांगते म्हणजे शोधायला सोपं पडेल. पिशवी म्हणजे सॅक नाही आणि पर्सही नाही, भाजीला नेतो ना तशी दोन बंदांची कापडी, रंग आकाशी निळा, खालच्या कोपऱ्यात शाईचा डाग पडलाय आणि एक बंद पांढऱ्या दोऱ्यानं शिवलेला आहे. चेन नाही, बटणही नाही, तोंड उघडंच असतं, त्यामुळं पिशवी आडवी झाली असेल तर आतलं सामान खाली सांडलेलं असू शकतं, टेबलाखाली भिंतीकडच्या बाजूला जरा बॅटरी मारून बघायला सांगा. आम्ही आत शिरल्यावर डाव्या हाताला, खिडकीचं टेबल, वर भिंतीवरचा पंखा आहे तिथं बसलो होतो. दोन फिल्टर कॉफी, एक चीज सँडविच आणि नंतर परत एक कॉफी. बिल मी भरलं, माझ्या मोबाईलवर २९० रुपये ४ वाजून ५२ मिनिटांनी गेल्याचं दिसतंय, तुमच्याकडंही दिसेल, म्हणजे कॅमेरा बघायचा झाला तर पावणेपाचपासनं पुढचं बघितलं की झालं, सगळा दिवस बघत बसायला नको.

राहिली कशी तर त्याला कारण चादर. येताना आम्ही तिच्या आईसाठी एक चादर घेतली होती, डबल बेडची, मोरांची नक्षी असलेली, ती दुकानवाल्यांनी प्लास्टिकच्या जाड पिशवीत घालून दिली आणि आपली सोलापुरी चादर किती वजनदार असते हे तुम्हाला काय सांगायचं. उठताना तिनं ती उचलली, हाताला वजन लागलं, तिला वाटलं सगळं घेतलं. रिक्षा बाहेर उभी होती, गाडीला वेळ कमी होता, मीच घाई केली, खुर्चीकडं वळून बघायला पाहिजे होतं ते मी बघितलं नाही आणि याचं मला फार वाईट वाटतंय. कुर्डुवाडी सोडल्यावर तिनं वही काढायला पिशवी शोधली तेव्हा लक्षात आलं.

त्यात पैसे नाहीत. पासपोर्ट आणि पाकीट तिच्या कमरेच्या पाऊचमधे आहे, त्यामुळं त्याची काळजी करू नका. पंप निळा आहे, तोंडात धरून ओढायचा असतो तो, लहान पोरांनी खेळणं समजून दाबू नये एवढंच बघा, तिच्याकडं दुसरा आहे त्यामुळं रात्रीत काही अडचण नाही. वही काळ्या पुठ्ठ्याची, आत सगळं चिनी अक्षर, वाचता येणार नाही.

मुख्य आहे ते खाकी कागद. ती इंग्लिशमधे वेगळं काहीतरी म्हणाली होती, मी मुद्दाम खाकी कागद लिहिलंय कारण वाण्याकडं पुडी बांधतात तसलाच आहे तो, चौघडी घातलेला, कडा दुमडलेल्या, एका पानावर कॉफीचा गोल डागसुद्धा पडलाय, मावशींनी बघितला तर शंभर टक्के केराच्या डब्यात जाईल आणि त्यात त्यांची काहीच चूक नसेल. पण त्यावर आतल्या बाजूला पेन्सिलीनं चित्रं आहेत. डॉक्टर कोटणीसांच्या स्मारकाची. सकाळी नऊपासून ती भैय्या चौकात त्या घरासमोर बसली होती, आधी लांबनं सगळं घर काढलं, मग दरवाजा, मग एक खिडकी, आणि चौथ्या पानावर आतली एक खोली. ड्रॉईंगचा चांगला कागद ती पुण्यातच विसरली होती म्हणून चौकातल्या दुकानातनं मिळाला तो घेतला.

तुम्ही म्हणाल फोटो का नाही काढले. काढलेत, मोबाईलमधे पन्नास असतील. पण ती ज्या गावची आहे ना, शिजियाझुआंग, तिथंच कोटणीसांची समाधी आहे. तिचे वडील शाळेत असताना एप्रिलमधे पोरांना रांगेनं तिकडं न्यायचे, समाधी पुसायची, फुलं ठेवायची, तिकडं तो पूर्वजांच्या समाध्या साफ करायचा सण असतो. तिच्या वडिलांना कोटणीस हे नाव म्हणून माहीत नाही, ते 'कं दिहुआ' म्हणतात, चिनीत तेच नाव आहे त्यांचं. आता वडिलांची नजर पार अधू झालीय, मोबाईलवरचा फोटो दिसत नाही, पेन्सिलीची जाड रेघ मोठी करून काढली तर खिडकीपाशी धरून दिसते असं ती म्हणाली, म्हणून तिनं सगळ्या रेघा गिरवून गिरवून जाड केल्यात. "ते विचारतात की तो डॉक्टर एवढ्या लांबनं आला तर त्याचं घर कसं होतं," असं ती मला कॉफी पिताना सांगत होती, तुमच्याच टेबलावर.

मला खरं सांगायचं तर लाजल्यासारखं झालं दादा. मी जन्मापासून सोलापुरात, त्या चौकातनं हजार वेळा गेले असेन, आणि आतमधे आज पहिल्यांदा गेले ते हिच्यामुळं. १९१० चा जन्म त्यांचा आपल्या गावातला, १९३८ ला पाच डॉक्टरांच्या पथकातनं चीनला गेले, बाकीचे परत आले आणि हे तिथंच राहिले, तिथल्याच नर्सशी लग्न केलं, आणि १९४२ च्या डिसेंबरमधे गेले तेव्हा वय फक्त ३२. हे शाळेत वाचलं होतं पण आज त्या खोलीत उभं राहिल्यावर काहीतरी वेगळंच वाटलं. असो, तुम्हाला धंद्याच्या टायमाला एवढं सगळं सांगायचं कारण एकच की तो पुडीचा कागद म्हणजे काय आहे हे तुमच्या पोरांना नीट समजावं.

आता काय करायचं ते. पिशवी मिळाली असेल तर काउंटरच्या वरच्या फळीवर ठेवा, किचनमधे नको, तेलाचा हात लागला तर पेन्सिल पसरते. कागद उघडून बघितले तरी हरकत नाही, तुमचीच खात्री होईल, फक्त घासू नका. सांडलेलं काही वेगळं सापडलं तर त्यातच घाला. आणि पिशवी नसेल पण कागद कुठं पडलेले असतील, किंवा आज रात्रीचा केर अजून बाहेर गेला नसेल, तर प्लीज तो सकाळच्या घंटागाडीत देऊ नका, मी येऊन स्वतः बघते, हातमोजे घेऊन येते, तुमच्या कुणाला हात घालायला लावणार नाही.

मी उद्या शुक्रवारी सकाळी तुम्ही शटर उघडताना तिथं येते, आठला उघडता ना, मी पावणेआठलाच येऊन थांबेन. हिरवी स्कूटी आहे. ओळख म्हणून बिलाचा मेसेज दाखवीन आणि डागाचं व बंदाचं सांगितलंच आहे, दुसरं कुणी पिशवी मागायला आलं तर देऊ नका, आमच्या दोघींपैकी कुणी दुसऱ्याला पाठवणार नाही. परवा शनिवारी माझा भाऊ सकाळच्या हुतात्मानं पुण्याला चाललाय, तो तिला स्टेशनवर हातात देईल, तिचं विमान रविवारी पहाटे मुंबईवरनं आहे, म्हणजे उद्याचा एकच दिवस आपल्या हातात आहे.

आणि एक. ज्या पोराला पिशवी सापडली असेल त्याला तिला काहीतरी द्यायचंय, तिनं माझ्याकडं पैसे पाठवलेत, तुम्ही नको म्हणाल हे मला माहितीये पण पोराला घेऊ द्या, तिच्या मनाला बरं वाटेल. काल चहा देणारा तो उंच मुलगा होता ना, त्यानं तिला "नी हाव" म्हणून दाखवलं होतं, ती नंतर सारखी ते सांगून हसत होती.

—

दादा परत मेसेज करतीय. वर मी काल चहा देणारा लिहिलंय, काल नाही, आजच दुपारी. घाईत चुकलं. आणि आत्ता तिचा फोन आला होता, ती म्हणतीये की तिनं पिशवी एकदा खुर्चीवरनं काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली होती, पडद्याच्या मागं, ऊन डोळ्यावर येत होतं म्हणून पडदा ओढला तेव्हा. तर खुर्चीवर कुणाला दिसली नसेल तर पडदा सरकवून बघा की ओ एकदा. आत्ता कॅफेत कुणी असेल तर आत्ताच. फक्त 'हो' किंवा 'नाही' टाका, कितीही वाजले तरी चालेल, फोन उशाशी घेऊनच बसलीय मी, आणि तीही पुण्यात जागीच आहे.