नोटीस : बनावट घड्याळ अस्सल म्हणून विकल्याबद्दल रक्कम परत मिळणेबाबत

(पोच पावतीसह स्पीड पोस्टने)

दिनांक : ६ जानेवारी २०२६
सोलापूर

प्रति,
मालक / चालक,
घड्याळे व भेटवस्तूंचे दुकान (बिल क्रमांक ४१७ देणारे),
नवी पेठ, सोलापूर

यांजकडून : राजशेखर बिराजदार, राहणार विजापूर रोड, सोलापूर

विषय : ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये तक्रारीपूर्वीची नोटीस. दि. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी विकलेल्या बनावट मनगटी घड्याळाची किंमत २३,८०० रुपये व नुकसानभरपाई मिळणेबाबत.

महोदय,

अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्यात मी हिशेब पाहतो. माझ्या थोरल्या मुलीचे लग्न २७ नोव्हेंबर २०२५ रोजी झाले. जावयांना लग्नात घड्याळ द्यायचे ठरले होते, म्हणून १८ नोव्हेंबरला संध्याकाळी मी आणि माझा धाकटा भाऊ आपल्या दुकानात आलो. आपण स्वतः गल्ल्यावर होता. आपण सेइको कंपनीच्या फाइव्ह स्पोर्ट्स मालिकेतील काळ्या तबकडीचे, वार-तारीख दाखवणारे ऑटोमॅटिक घड्याळ दाखवले. किंमत जास्त वाटली म्हणून मी दोनदा विचारले की हे कंपनीचेच आहे ना. त्यावर आपण म्हणालात, “बिनघोर घ्या साहेब, नवी पेठेत बसून आम्ही डुप्लिकेट विकतो होय? यंदाचाच माल आहे.” आपल्या या शब्दावर मी घड्याळ घेतले. २३,८०० रुपये तिथेच यूपीआयने दिले. ते आपल्या दुकानाच्या खात्यात जमा झाल्याची नोंद माझ्या बँकेच्या उताऱ्यात आहे.

आपण दिलेल्या बिलावर आपल्याच हाताने “सेइको ऑटोमॅटिक, ओरिजिनल, १ वर्ष वॉरंटी” असे लिहिले आहे आणि त्याखाली घड्याळाच्या पाठीवरचा अनुक्रमांकही उतरवून घेतला आहे. हा अनुक्रमांक महत्त्वाचा आहे. ग्राहकाने घड्याळ बदलून आणले असे आपण उद्या म्हणाल, तर बिलावरचा आकडा आणि माझ्याजवळच्या घड्याळावरचा आकडा एकच आहे. त्या बिलावर जीएसटी क्रमांक नाही आणि कराची वेगळी रक्कमही दाखवलेली नाही. वॉरंटी कार्डावर आपल्या दुकानाचा शिक्का आहे, पण कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याचा नाही. हे मी त्या संध्याकाळी पाहिले नाही, कारण बिलावर आपण “ओरिजिनल” असे लिहून सही केली होती आणि लिहून दिलेल्या शब्दावर विश्वास ठेवणे हा ग्राहकाचा हक्क आहे.

लग्नानंतर आठवडाभरातच घड्याळ रोज वीस-पंचवीस मिनिटे मागे पडू लागले. या मालिकेत कंपनी ४आर३६ नावाची स्वयंचलित यंत्रणा वापरते. दिवसाला ४५ सेकंद पुढे ते ३५ सेकंद मागे, एवढाच फरक कंपनी त्या यंत्रणेसाठी धरते. फरक सेकंदांचा असायला हवा, इथे तो मिनिटांचा आहे. जावई पुण्यात नोकरीला असतात. त्यांनी घड्याळ कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात दाखवले. तिथल्या माणसाने पाठीकडचे काचेचे झाकण पाहिले आणि हे घड्याळ आम्ही दुरुस्तीला घेऊ शकत नाही, असे चार लोकांत सांगितले. जावयांनी मला काही कळवले नाही. मुलीने अडखळत अडखळत फोनवर सांगितले. तिच्या सासरच्यांनी शब्दाने दुखावले नाही, हा त्यांचा मोठेपणा. पण मी लग्नात खोटे घड्याळ दिले, असा समज त्यांच्या मनात क्षणभर जरी आला असेल तर तो आपल्यामुळे आला.

त्यानंतर मी स्वतः बिल घेऊन पुण्याला गेलो. २२ डिसेंबर २०२५ रोजी माझ्यासमोर घड्याळ उघडण्यात आले आणि सेवा केंद्राने लेखी तपासणी अहवाल दिला. आतली यंत्रणा कंपनीची नाही, तिच्या फिरत्या चकतीवर कंपनीचा छाप नाही आणि तबकडी व झाकण बनावट आहे, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. दोन गोष्टी तर आपणही आपल्या दुकानात पाहू शकता. खऱ्या ४आर३६ यंत्रणेत वेळ लावण्यासाठी चावी पूर्ण बाहेर ओढली की सेकंदकाटा थांबतो. या घड्याळात तो चालूच राहतो. दुसरी गोष्ट अनुक्रमांकाची. सेइको घड्याळाच्या अनुक्रमांकातला पहिला अंक उत्पादनाच्या वर्षाचा शेवटचा अंक असतो आणि दुसरा अंक महिना सांगतो. आपण विकलेल्या घड्याळावरचा क्रमांक ८३ ने सुरू होतो, म्हणजे मार्च २०१८. ही फाइव्ह स्पोर्ट्स मालिका या रूपात बाजारात आली ती २०१९ साली. आणि आपण तर “यंदाचाच माल” म्हणून विकले.

डब्याचेही तेच. आयात केलेल्या वस्तूच्या वेष्टनावर आयातदाराचे नाव-पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली असावी लागते. २०११ च्या वेष्टित वस्तूंच्या वैधमापन नियमांत तसे बंधन आहे. आपण दिलेल्या डब्यावर यापैकी काहीही नाही. रोज घड्याळे विकणाऱ्या माणसाच्या हे नजरेतून सुटले, यावर विश्वास ठेवणे मला कठीण जाते.

२४ डिसेंबरला मी अहवालाची प्रत घेऊन आपल्या दुकानात आलो. आपण प्रत हातात घेतली, वाचली, आणि बिलाच्या तळाशी छापलेल्या “एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही” या ओळीवर बोट ठेवले. २ जानेवारीला पुन्हा आलो तेव्हा आपण म्हणालात, “आता सीझन आहे, गड्डा होऊ द्या की, मग बघू.” सिद्धेश्वर महाराजांच्या यात्रेचा माझ्या पैशांशी काय संबंध, हे मला कळले नाही. सोलापूरकर गड्ड्याला श्रद्धेने जातात. फसवलेल्या ग्राहकाला ताटकळत ठेवण्यासाठी तिचे नाव पुढे करू नये, एवढे मी मनापासून सांगतो.

आपण बोट ठेवलेल्या त्या छापील ओळीबद्दल. ती ओळ खऱ्या मालाला लागू होते की नाही, हा वेगळा प्रश्न आहे. खोटा माल खरा म्हणून विकल्यावर तिच्या आड लपता येत नाही. ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम २(४३) नुसार, अस्सल असल्याचा खोटा दावा करून विकलेली वस्तू ही बनावट वस्तू ठरते. कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथा सांगितल्या आहेत. मालाच्या दर्जाबद्दल खोटे सांगणे, बनावट माल विक्रीस ठेवणे आणि सदोष माल परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे, या तिन्ही त्यांत येतात. आपल्या एकाच व्यवहारात या तिन्ही घडल्या आहेत.

“आम्हीही पुढच्या व्यापाऱ्याकडून घेतले, आम्हीही फसलो,” असे आपले म्हणणे असेल तर ते मी ऐकून घेईन. मग ज्याच्याकडून हे घड्याळ घेतले त्याचे खरेदी बिल दाखवा. व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ च्या कलम १०४ मध्ये खोट्या चिन्हाचा माल विकणाऱ्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. योग्य ती खबरदारी घेतल्याचे सिद्ध करणाऱ्या आणि माल कुठून आला हे मागितल्यावर सांगणाऱ्या विक्रेत्याला त्याच कलमात बचावाची वाट ठेवली आहे. आपण निर्दोष असाल तर ती वाट आपल्याला मोकळी आहे. मात्र पुढच्या व्यापाऱ्याशी आपला जो काही हिशेब असेल तो आपण करावा. मी पैसे आपल्याला दिले आहेत आणि ते आपल्याकडूनच मागणार. कंपनीविरुद्ध माझी तक्रार नाही. तिचेही नाव इथे चोरले गेले आहे.

म्हणून या नोटिशीद्वारे मी आपल्याकडे अशी मागणी करतो की, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत घड्याळाची पूर्ण किंमत २३,८०० रुपये, त्यावर १८ नोव्हेंबर २०२५ पासून रक्कम हाती येईपर्यंत द.सा.द.शे. ९ टक्के सरळ व्याज, पुण्याचा प्रवास व तपासणीचा खर्च १,४५० रुपये आणि माझ्या कुटुंबाला झालेल्या मनस्तापाबद्दल १५,००० रुपये द्यावेत. रक्कम ज्या खात्यातून आपल्याला आली त्याच खात्यात जमा करावी. त्याऐवजी दुसरे घड्याळ, दुकानातील अन्य वस्तू किंवा उधारी चिठ्ठी मला नको आहे. याबाबत आपल्या माणसांनी घरी फोन करून पत्नीला गळ घालू नये. जे बोलायचे ते लेखी बोलावे.

घड्याळ, डबा, वॉरंटी कार्ड व मूळ बिल माझ्याजवळ आहे. पूर्ण रक्कम जमा झाली की त्याच दिवशी घड्याळ आपल्याला परत देईन आणि तशी पावती करून घेईन. त्याआधी ते “तपासायला” म्हणून आपल्या ताब्यात देणार नाही, कारण तोच माझा पुरावा आहे. परत मिळालेले घड्याळ आपण पुन्हा कोणालाही विकणार नाही, असे त्या पावतीवर आपण लिहून द्यावे, ही माझी मागणीही या नोटिशीचाच भाग समजावी. पैसे मिळण्याइतकीच ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. लग्नसराई अजून चालू आहे आणि माझ्यासारखा दुसरा एखादा मुलीचा बाप आपल्या काउंटरपुढे उभा असेल.

मुदतीत रक्कम न मिळाल्यास मी सोलापूर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात तक्रार दाखल करीन. विक्री सोलापुरात झाली, मी सोलापुरात राहतो आणि रक्कम आयोगाच्या ५० लाख रुपयांच्या मर्यादेत आहे. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क लागत नाही आणि तक्रारीसाठी दोन वर्षांची मुदत आहे. तेव्हा मी कंटाळून गप्प बसेन, असे आपण समजू नये. आयोगापुढे मी कलम ३९ नुसार किंमत, भरपाई, दंडात्मक भरपाई आणि तक्रारीचा खर्च मागेन. गरज पडल्यास घड्याळ तज्ज्ञांकडून तपासून घेण्याचीही विनंती करीन. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करीन. तसेच भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम ३१८ खाली फसवणुकीची आणि व्यापारचिन्ह कायद्याखालची तक्रार पोलिसांकडे देण्याचा माझा हक्क मी राखून ठेवत आहे. त्या सर्व कार्यवाहीच्या खर्चाची व परिणामांची जबाबदारी आपल्यावर राहील.

या नोटिशीसोबत बिल क्रमांक ४१७, बँकेच्या उताऱ्यातील यूपीआय नोंद, २२ डिसेंबरचा तपासणी अहवाल, वॉरंटी कार्ड आणि घड्याळाच्या पुढच्या-मागच्या बाजूची छायाचित्रे यांच्या प्रती जोडल्या आहेत. नोटिशीची एक प्रत बिलावर छापलेल्या आपल्या दुकानाच्या व्हॉट्सअॅप क्रमांकावरही आज पाठवली असून एक प्रत माझ्याजवळ ठेवली आहे.

आपला ग्राहक,

(सही)
राजशेखर बिराजदार
विजापूर रोड, सोलापूर