कलर ब्रीफ: हर्णैची शॉर्टफिल्म

दादा, कट लॉक झालाय, 14 मिनिटं. फुटेज S-Log3 आहे, दिवसाचं सगळं दीड स्टॉप ओव्हर शूट केलंय, म्हणून उघडल्यावर फिकट दिसेल पण हायलाइट शाबूत आहेत. डिलिव्हरी Rec.709, गॅमा 2.4.

आधी हिरव्याचं सांगतो. कोकण म्हटलं की माड पोपटी करून टाकतात, रिसॉर्टच्या जाहिरातीसारखे, ते अजिबात नको. ढगाखाली माड काळपट दिसतो, तसाच ठेव.

सीन 1, मे महिना, बंदरावरचा संध्याकाळचा लिलाव. गर्दी, बैलगाड्या, घाम, मीठ. ऊन तिरकं आहे, ते उबदार राहू दे पण पांढऱ्या टोपल्या आणि बर्फ पिवळा पडता कामा नये, आणि मासळी चंदेरीच दिसायला हवी, पापलेटच्या पोटावर तो निळसर गुलाबी झाक असतो ना तो क्लोजअपमध्ये आलाय, तेवढा जप. आजीचा रंग सावळा आहे, उन्हाने रापलेला, उजळायचा नाही. मागच्या फिल्मला एका स्टुडिओने बायकांचे चेहरे गोरे करून दिले होते आणि स्क्रीनिंगला त्याच बायका समोर बसलेल्या, मला मान वर करता येईना. व्हेक्टरस्कोपवर स्किन लाइन बघ, ब्राइटनेस मात्र आहे तोच.

सीन 2, बंदीचा काळ, 1 जून ते 31 जुलै. बोटी वर ओढलेल्या, ताडपत्र्या टाकलेल्या, घरात पैसा नाही. इथे सॅच्युरेशन खाली आण, कॉन्ट्रास्ट मऊ कर, ब्लॅक थोडे उचल. सुवर्णदुर्ग पावसात विरघळत जातो त्या शॉटला डीहेझ वगैरे लावू नको प्लीज, तो दिसेनासा होणं हाच शॉट आहे. रंग एकच जिवंत राहू दे, जांभ्याचा. कोरडा चिरा विटकरी असतो, भिजला की लिव्हरसारखा गडद होतो, पायरीवर अर्धा भिजलेला चिरा आहे तिथे दोन्ही लाल वेगळे दिसले पाहिजेत, सगळं मिळून तपकिरी झालं तर सीन गेला.

सीन 3, माजघर, लाइट गेलेली. कंदील एकच. कोपरे काळे जाऊ देत, उचलशील तर नॉइज वर येईल आणि घर मोठं वाटेल. उजेड नारिंगी पण चेहरा नारिंगी नको, आणि सावल्यांत टील घालू नको.

सीन 4, नारळी पौर्णिमा. पहिल्यांदाच ऊन पडतं, बोटींवर पताका. आतापर्यंत दाबून ठेवलेला रंग इथे सोड, पण कटवर एकदम नाही, आजी समुद्राकडे वळते त्या शॉटमध्ये 3-4 सेकंदांत हळूहळू.

ग्रेन अगदी बारीक, फक्त सीन 2 आणि 3 ला. आधी पापलेट, भिजलेली पायरी आणि कंदील, या तीन फ्रेम ग्रेड करून पाठव, त्या बघून बोलू मग बाकीचं धर.