सबरोगेशन वसुली मागणीपत्र: हडपसर औद्योगिक वसाहतीतील आग, ११ जानेवारी २०२५

रजिस्टर्ड पोस्ट पोचपावतीसह व ईमेलने
हक्कांना बाधा न येता

दिनांक: २२ सप्टेंबर २०२५, पुणे

प्रति,
मा. व्यवस्थापक, दायित्व दावे विभाग,
विभागीय कार्यालय, पुणे

आमचा दावा क्रमांक: फायर/पुणे/२०२५/००४१७
आपला संदर्भ: दायित्व/पुणे/२०२५/०११८, आपले पत्र दि. १९ ऑगस्ट २०२५
आमचे विमाधारक: कोरुगेटेड खोक्यांचा कारखाना, हडपसर औद्योगिक वसाहत (यापुढे ‘कारखाना’)
आपले विमाधारक: फॅब्रिकेशन व गॅस कटिंगचे ठेकेदार, चिंचवड (यापुढे ‘ठेकेदार’)

विषय: आगीच्या नुकसानीपोटी कारखान्याला दिलेल्या रकमेची ठेकेदाराकडून, म्हणजेच आपल्या दायित्व पॉलिसीतून वसुली, मागणी ₹९३,२९,५००

महोदय,

आमच्या ४ ऑगस्टच्या पहिल्या सूचनेला आपण १९ ऑगस्टला उत्तर दिले आणि तीन हरकती घेतल्या. आगीचे कारण सिद्ध नाही, कारखान्याच्या माणसांनीच दुर्लक्ष केले, आणि जळालेली मालमत्ता ठेकेदाराच्या ताब्यात असल्याने ती आपल्या पॉलिसीत बसत नाही. तेव्हा आमच्याकडे प्रयोगशाळेचा अहवाल नव्हता. तो आता आला आहे. म्हणून मागणी आकड्यांसह आणि पुराव्यासह पुन्हा मांडत आहोत.

आधी घडले ते. कारखान्याच्या रील गोदामावरचे गंजलेले पन्हळ आणि त्याचे जुने लोखंडी ब्रॅकेट काढून नवे बसवण्याचे काम ६ जानेवारी २०२५ च्या वर्क ऑर्डरने ठेकेदाराला दिले होते. वर्क ऑर्डरचे कलम ९ स्पष्ट आहे. रोजच्या रोज हॉट वर्क परमिट घ्यायचे, खालचा जळाऊ माल हलवायचा किंवा फायर ब्लँकेटने झाकायचा, अग्निशामक सिलिंडर हाताशी ठेवायचा, काम थांबल्यावर एक तास माणूस राखणीला ठेवायचा आणि कामामुळे झालेले नुकसान भरून द्यायचे. शनिवार, ११ जानेवारीचे परमिट सकाळी १० ते दुपारी १ एवढ्या वेळेचे, आणि तेही फक्त मागच्या उघड्या आवारात जमिनीवर करायच्या कटिंगसाठी होते. दुपारी १.०५ ला ते बंद झाले. बंद केल्याच्या नोंदीवर ठेकेदाराच्या सुपरवायझरची सही आहे. शनिवारची पाळी दीडला सुटते. सामान आवरून निघतो असे सांगून ठेकेदाराची माणसे मागे थांबली.

पुढचे सीसीटीव्हीत आहे. २.१० ला दोन कामगार शिडीने गोदामाच्या छतावर चढतात. २.२६ ते २.५१ या वेळात रील गोदामाच्या ईशान्य कोपऱ्यात वरून ठिणग्या आणि वितळलेले लोखंड खाली पडताना दिसते. छत आणि खालच्या क्राफ्ट कागदाच्या रीलच्या थप्पीत जेमतेम साडेचार मीटर अंतर आहे, आणि रीलवर प्लॅस्टिकची स्ट्रेच रॅप होती. ब्लँकेट नाही, सिलिंडर नाही, खाली माणूस नाही. ३.०५ ला तिघेही गेटबाहेर पडतात. ३.३८ ला धूर शोधक यंत्रणेचा गजर वाजला, ३.४६ ला अग्निशमन दलाला फोन गेला, ३.५८ ला पहिला बंब पोचला. आग आटोक्यात यायला संध्याकाळचे ६.२० झाले.

ठेकेदाराच्या सुपरवायझरने त्याच संध्याकाळी कारखान्याच्या व्यवस्थापकाला स्वहस्ते लिहून दिले: “परमिट संपलं होतं, पण चार ब्रॅकेट राहिले होते. सोमवारी परत यायला नको म्हणून पोरांना वर चढवलं.” हे जबाबपत्र आम्ही परिशिष्ट ४ म्हणून जोडले आहे. वाचून झाल्यावर पहिल्या हरकतीत फारसे काही उरेल असे आम्हाला वाटत नाही, तरीही तिला उत्तर देतो.

कारणाबाबत. आगीचा उगम ईशान्य कोपऱ्यातील रीलच्या थप्पीच्या माथ्यावर आहे. तिथल्या भिंतीवरची जळण्याची खूण, छताच्या पर्लिनचा वाक आणि रील वरून खाली जळत गेल्याचा क्रम, तिन्ही एकाच जागी येतात. शॉर्टसर्किटची शक्यता तज्ज्ञाने वेगळी तपासली. पन्हळाच्या कामासाठी गोदामाच्या दिव्यांची लाइन ८ जानेवारीपासूनच बंद होती, आणि तारांवर विजेमुळे तांबे वितळल्याचे मणी आढळले नाहीत. थप्पीवरच्या राखेत मात्र कटिंगचे गोठलेले लोहकण सापडले. ते ठेकेदाराने कापलेल्या ब्रॅकेटच्या पोलादाशी जुळतात. वेल्डिंग आणि कटिंगमधील आगीच्या खबरदारीबद्दल भारतीय मानक आयएस ३०१६ कित्येक वर्षांपासून आहे. हा धोका या धंद्यातल्या माणसाला नवा नाही.

दुसरी हरकत कारखान्याच्या दुर्लक्षाची. परमिट बंद करून घेणे, हेच कारखान्याच्या हातातले काम होते आणि ते झाले होते. गेटवरचा रखवालदार गोदामापासून १२० मीटरवर, इमारतीच्या दुसऱ्या अंगाला बसतो. छतावर कोण चढले ते त्याला तिथून दिसत नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ खालील जुलै २०२४ चे ‘ब’ नमुन्याचे प्रमाणपत्र सोबत आहे. गजर वाजला, हायड्रंटला पाणी होते आणि बंब येईपर्यंत रखवालदार व शेजारच्या शेडमधल्या मुलांनी नळी धरून छपाई विभागाचा अर्धा भाग वाचवला. तसे झाले नसते तर या पत्रातला आकडा दुप्पट असता. सहदोषाची टक्केवारी मागताना आपल्या सर्व्हेअरने हेही मोजावे.

तिसरी हरकत ताब्याची. ठेकेदाराच्या ताब्यात काय होते? पन्हळ आणि ब्रॅकेट. त्यांची किंमत आम्ही मागितलेलीच नाही. रील, तयार खोकी, छपाई यंत्र आणि शेड यांवर ठेकेदाराचा एक क्षणही ताबा नव्हता. छतावर उभे राहून काम केल्याने खालचे गोदाम ताब्यात येत नाही. वर्क ऑर्डरसोबत ठेकेदाराने आपल्या पॉलिसीचे जे प्रमाणपत्र दिले त्यात प्रत्येक घटनेची मर्यादा ₹१ कोटी आहे आणि ‘त्रयस्थाच्या मालमत्तेचे नुकसान’ हा शब्दप्रयोग आहे. हॉट वर्कचे वेगळे अपवर्जन त्यात दिसत नाही. असल्यास आपण कलम आणि पूर्ण मजकूर पाठवावा, नुसता उल्लेख पुरणार नाही.

आता रक्कम. विमा अधिनियम, १९३८ च्या कलम ६४ यूएम नुसार परवानाधारक सर्व्हेअरच्या अहवालावर दावा ठरला, आणि १४ जुलै २०२५ ला कारखान्याला ₹१,०६,००,००० दिले. मूल्यांकन असे:

कच्चा माल व तयार खोकी: ₹५८,१२,४००
छपाई यंत्र व पॅनेल, पुनर्स्थापन मूल्याने: ₹३१,७५,०००
शेडचे छत व पर्लिन, पुनर्स्थापन मूल्याने: ₹१८,४०,०००
राडारोडा हटवणे: ₹१,८५,०००
एकूण: ₹१,१०,१२,४००
वजा भंगाराची किंमत: ₹३,६२,४००
वजा एक्सेस: ₹५०,०००
दिलेली रक्कम: ₹१,०६,००,०००

यातली पूर्ण रक्कम आम्ही आपल्याकडे मागत नाही. पुनर्स्थापन मूल्याचा करार आमचा आणि कारखान्याचा आहे. जुन्याच्या जागी नवे देण्याचे ओझे ठेकेदारावर टाकता येईल असे आमचे म्हणणे नाही. म्हणून २०१९ मधील यंत्रावर ३० टक्के घसारा, म्हणजे ₹९,५२,५००, आणि शेडवर २० टक्के, म्हणजे ₹३,६८,००० आम्ही स्वतःहून वजा केले आहेत. सर्व्हे फीही लावलेली नाही. तो आमच्या धंद्याचा खर्च. यानंतर आमची मागणी ₹९२,७९,५०० राहते. कारखान्याने सोसलेला ₹५०,००० चा एक्सेस त्यांच्या लेखी अधिकारपत्रावरून आम्ही सोबत मागत आहोत. एकूण ₹९३,२९,५००.

कारखान्याचा बुडालेला नफा, तसेच जळालेल्या मालावर सीजीएसटी अधिनियमाच्या कलम १७(५)(एच) मुळे परत करावे लागलेले इनपुट क्रेडिट या रकमेत नाही. ते विमा नसलेले नुकसान आहे आणि कारखाना ते स्वतंत्रपणे मागेल. मर्यादा ₹१ कोटीचीच असल्याने आपण तडजोड करताना त्यांच्याशीही बोलून घ्यावे. आमची पावती त्यांची पावती ठरणार नाही.

हक्काबद्दल फार लिहीत नाही. कारखान्याने १० जुलै २०२५ ला सबरोगेशन पत्र व विशेष मुखत्यारपत्र करून दिले आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने इकॉनॉमिक ट्रान्सपोर्ट ऑर्गनायझेशन विरुद्ध चरण स्पिनिंग मिल्स या २०१० च्या निकालात सबरोगेशनची जी तत्त्वे मांडली, त्यांनुसार आम्ही कारखान्याच्या जागी उभे आहोत आणि दावा कारखान्याच्या नावाने, सहवादी म्हणून चालवू. आपल्या कंपनीवर थेट दावा लावण्याचा आमचा मनसुबा नाही. दावा ठेकेदारावर होईल आणि त्याला भरपाई देण्याचा प्रश्न आपल्यापुढे येईल. म्हणून या पत्राची प्रत ठेकेदाराला पाठवली आहे. व्याज अधिनियम, १९७८ च्या कलम ३ खाली ही ठेकेदाराला लेखी सूचना समजावी: २२ सप्टेंबर २०२५ पासून द.सा.द.शे. ९ टक्के व्याज मागण्यात येईल. ठेकेदाराने आपल्याला घटना उशिरा कळवली असे आपल्या पत्रात ओझरते आले आहे. तो आपला आणि त्याचा प्रश्न आहे, आणि ठेकेदाराने त्यावर वेळीच सल्ला घ्यावा.

मुदतीचा हिशेब आम्ही आगीच्या तारखेपासून करतो, पैसे दिल्याच्या तारखेपासून नाही. तीन वर्षे जानेवारी २०२८ मध्ये संपतात, पण तोवर वाट पाहण्याचा इरादा नाही. घाईचे कारण वेगळे आहे. कापलेले ब्रॅकेट, गॅस कटरची नळी, अर्धवट जळालेल्या दोन रील आणि लोहकणांचे नमुने कारखान्याच्या मागच्या खोलीत सीलबंद ठेवले आहेत. कारखान्याला ती खोली हवी आहे. आपल्या सर्व्हेअरला पाहणी करायची असल्यास ३० नोव्हेंबरपर्यंत कोणत्याही कामाच्या दिवशी दोन दिवस आधी कळवून करता येईल. फुटेजची मूळ हार्ड डिस्क आमच्याकडे आहे. प्रत व भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र परिशिष्ट ६ मध्ये आहे. ठेकेदाराने त्या दिवसाची हजेरी, दोन्ही कामगारांचे तपशील आणि फोनवरचे संदेश नष्ट करू नयेत.

आपल्याकडून आम्हाला तीन गोष्टी हव्यात: पॉलिसीचा पूर्ण मजकूर, दायित्व मान्य की अमान्य याचे कारणांसह उत्तर, आणि मान्य असल्यास रक्कम. एरवी आम्ही तीस दिवस देतो. ते यंदा नेमके दिवाळीत संपतात, म्हणून शुक्रवार, ३१ ऑक्टोबर २०२५ ही तारीख धरावी. आकड्यांवर मतभेद असल्यास दोन्ही सर्व्हेअरना समोरासमोर बसवू. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात शिवाजीनगरच्या आमच्या कार्यालयात बैठक ठेवता येईल. घसाऱ्याची टक्केवारी हा चर्चेचा विषय होऊ शकतो. आग कोणामुळे लागली हा नाही.

त्या तारखेपर्यंत उत्तर न आल्यास वाणिज्यिक न्यायालये अधिनियम, २०१५ च्या कलम १२अ नुसार पुणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व मध्यस्थीचा अर्ज दाखल होईल, आणि त्यानंतर पुण्यातील सक्षम न्यायालयात दावा.

रक्कम जमा करण्यासाठी बँक खात्याचा तपशील परिशिष्ट ८ मध्ये आहे. जमा करताना आमचा दावा क्रमांक नमूद करावा.

आपला विश्वासू,
व्यवस्थापक, वसुली व सबरोगेशन विभाग,
शिवाजीनगर, पुणे

परिशिष्टे: १. वर्क ऑर्डर व पॉलिसी प्रमाणपत्राची प्रत, २. बंद केलेले हॉट वर्क परमिट, ३. अग्निशमन दलाचा दाखला व ‘ब’ नमुना, ४. सुपरवायझरचे जबाबपत्र, ५. सर्व्हे अहवाल व आगीच्या कारणांचा तज्ज्ञ अहवाल; ६. सीसीटीव्ही फुटेज व प्रमाणपत्र; ७. सबरोगेशन पत्र, मुखत्यारपत्र, एक्सेसचे अधिकारपत्र व रक्कम दिल्याचा पुरावा, ८. बँक तपशील

प्रत: ठेकेदार, चिंचवड (रजिस्टर्ड पोस्टने), कारखाना, हडपसर