पुढच्या वाचनासाठी ‘रणांगण’

ठाणे, १२ जून

सप्रेम नमस्कार सगळ्यांना,

रविवारी पुढचं पुस्तक ठरवायचं आहे. बोलताना माझं अर्धं राहून जातं, म्हणून आधीच लिहून पाठवते आहे. माझी सूचना विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’ची आहे. १९३९ साली आलेली ही त्यांची एकुलती एक कादंबरी.

ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. युरोपातून निघालेलं एक जहाज मुंबईमार्गे पुढे पूर्वेकडे जातं आहे. जहाजावर घरी परतणारे हिंदी लोक आहेत आणि जर्मनीतून घालवून दिलेले ज्यूही आहेत. चक्रधर विध्वंस हा मराठी तरुण आणि हर्टा ही ज्यू मुलगी तिथे भेटतात, आणि प्रवासाच्या मोजक्या दिवसांत त्यांच्यात जे काही होतं त्याची ही गोष्ट आहे. चक्रधरसाठी मुंबई म्हणजे घर. हर्टासाठी ते वाटेत लागणारं एक बंदर.

कॉलेजात वाचली तेव्हा मला ती प्रेमकथा वाटली होती आणि मी खूप रडले होते. गेल्या महिन्यात पुन्हा हातात घेतली तेव्हा रडू आलं नाही, पण एक प्रश्न डोक्यात बसला तो अजून हलत नाही. ज्याच्याकडे उतरायला जागा आहे, तो जागा नसलेल्या माणसावर प्रेम करतो म्हणजे नक्की काय करतो? त्याचं नुसतं हळहळणं पुरेसं आहे का? चक्रधरला काही करता आलं असतं का, की एका माणसाने करण्यासारखं तिथे काही उरलंच नव्हतं? या प्रश्नावर माझं मत दर दोन दिवसांनी बदलतं. एकटीने वाचून तो सुटत नाही, आणि म्हणूनच हे पुस्तक मला आपल्या मंडळात हवं आहे. अविनाशकाका आणि मृण्मयी याबाबत एकमेकांच्या विरुद्ध टोकाला असतील याची मला खात्री आहे, आणि दोघांचंही मला ऐकायचं आहे.

दुसरं कारण तारखेचं आहे. पुस्तक आलं त्याच वर्षी सप्टेंबरात महायुद्ध पेटलं. पुढे ज्यूंचं काय होणार होतं हे लिहिताना बेडेकरांना माहीत नव्हतं. आपल्याला माहीत आहे. ती माणसं डेकवर हसतात, भांडतात, प्रेमात पडतात, पुढचे बेत आखतात, आणि वाचताना आपला जीव वरखाली होतो. नंतर सगळं कळल्यावर लिहिलेल्या पुस्तकांत असं होत नाही.

थोडी पार्श्वभूमी हवी असेल तर हे पुरेल. १९३५च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी जर्मनीतल्या ज्यूंचं नागरिकत्व काढून घेतलं. जुलै १९३८मध्ये फ्रान्समधल्या एव्हियाँला ३२ देशांचे प्रतिनिधी जमले. सगळ्यांनी सहानुभूती दाखवली आणि जवळजवळ कोणीच दार उघडलं नाही. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात एका रात्रीत शेकडो प्रार्थनास्थळं जाळली गेली. देश सोडणाऱ्याला बरोबर फक्त १० मार्क नेता येत. उतरायला व्हिसा लागत नाही असं शांघाय हे जवळजवळ एकमेव ठिकाण उरलं होतं. इटालियन कंपन्यांची जहाजं सुएझ कालव्यातून मुंबई, कोलंबो, सिंगापूर करत तिकडे जायची. म्हणजे हा इतिहास आपल्या किनाऱ्याला लागून गेला आहे. मुंबईच्या धक्क्यावर नातेवाइकांना घ्यायला आलेल्या लोकांनी ही माणसं कठड्याला टेकून उभी असलेली पाहिली असतील.

आता आक्षेप. हे सगळे मला स्वतःलाच पडलेले आहेत, त्यामुळे कोणी मांडले तर वाईट वाटणार नाही.

सगळ्यात मोठा आक्षेप चक्रधरबद्दल. आधीच्या प्रेमात तो पोळलेला आहे आणि बायकांबद्दल त्याच्या मनात जो कडवटपणा साचला आहे तो पानोपानी जाणवतो. काही ठिकाणी मला त्याचा संताप आला. हर्टाही बराच काळ त्याच्याच नजरेतून दिसते. तिचं देणं जरा जास्तच निरपेक्ष आहे, कुठल्याही पुरुषाला आवडेल असं. सुनंदाताई हे पहिल्या दहा मिनिटांत बोलतील आणि ते बरोबरच असेल. माझं म्हणणं इतकंच की लेखक चक्रधरला पाठीशी घालत नाही. त्याच्या तोंडून सगळं सांगून घेतो आणि आपल्यापुढे उभा करतो. आणि शेवटाकडे हर्टा तिच्या पत्रांतून स्वतः बोलते. ती पत्रं वाचल्यावर आधीची पानं वेगळी दिसू लागतात. तरीही हा आक्षेप पूर्ण फिटतो असं मी म्हणणार नाही. हवं तर त्यानंतरच्या महिन्यात ‘कळ्यांचे निःश्वास’ घेऊ या. विभावरी शिरूरकर म्हणजे मालतीबाई, बेडेकरांच्या पत्नी. त्याच दशकात स्त्रीच्या बाजूने काय लिहिलं जात होतं ते शेजारी ठेवून बघता येईल.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. शेवट फार दुःखद आहे आणि त्यात आत्महत्या आहे. कथानक फोडते आहे याची मला जाणीव आहे, पण आपल्यातल्या काहींनी घरात काय सोसलं आहे ते मला ठाऊक आहे आणि हे पान कोणाच्याही समोर अचानक येऊ नये. कोणाला या महिन्यात नको असेल तर मला फक्त ‘नको’ एवढं कळवा. कारण विचारणार नाही, पुस्तक पुढे ढकलू.

चर्चा आजच्या युद्धांवर आणि निर्वासितांवर जाणार हे उघड आहे. मागे एकदा असंच होऊन दोघांनी दोन महिने येणं बंद केलं होतं. म्हणून सुचवते की पहिला तास फक्त पुस्तकातल्या माणसांबद्दल बोलू. नंतर ज्यांना पुढे जायचं त्यांनी जावं. आजच्या जगाची आठवण न येता हे पुस्तक वाचता येईल असं मला वाटत नाही, आणि ती आठवण दाबावी असंही वाटत नाही.

‘पुन्हा जुनंच का?’ असं तरुण मंडळी विचारतील. या वर्षी आपण नवं फारसं वाचलेलं नाही हे खरं आहे. पण भाषेची भीती बाळगू नका. फडके-खांडेकरांच्या त्या काळात बेडेकरांनी इतकं कमी शब्दांत, इतकं ताणलेलं गद्य लिहिलं की आजही ते शिळं वाटत नाही. शिवाय पुस्तक लहान आहे. मागच्या जाडजूड कादंबरीच्या वेळी निम्म्या जणांचं वाचून झालं नव्हतं आणि बाकीचे जपून बोलत राहिले. यावेळी सगळ्यांचं वाचून झालेलं असेल. ज्यांचं आधीच वाचून झालं आहे त्यांनी पुन्हा वाचावी, विशेषतः विशीत वाचली असेल तर.

माझ्याकडे दोन प्रती आहेत, एक जुनी आणि एक नवी. रविवारी दोन्ही आणते. बाकीच्यांसाठी एकत्र मागवू, म्हणजे सवलत मिळेल. रविवारी मत दुसऱ्या पुस्तकाला पडलं तर तेही मी मनापासून वाचेन, पण ‘रणांगण’ दिवाळीच्या आत पुन्हा सुचवेन हे आताच सांगून ठेवते.

आपली,
नीलिमा