पीसीओएससाठी शाकाहारी आहार-आराखडा : पहिले चार आठवडे

हा आराखडा तुमचे तपासणीचे अहवाल, साखळी ते पणजी हा रोजचा बसप्रवास आणि घरातील पाच जणांचा एकत्र स्वयंपाक लक्षात घेऊन आखला आहे. तुमची उंची 156 सेंटिमीटर, वजन 72 किलो आणि एचबीए1सी 5.9 टक्के आहे, म्हणजे साखर मधुमेहपूर्व पातळीवर आहे. पीसीओएसमध्ये शरीर इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नाही, त्यामुळे ते जास्त प्रमाणात स्रवते आणि अंडाशयातील पुरुषी संप्रेरकांची निर्मिती वाढवते. पाळी लांबणे आणि हनुवटीवर केस येणे यांचे एक मोठे कारण हेच आहे. वजन 5 टक्के, म्हणजे साधारण साडेतीन किलो उतरले तरी पाळी सुधारू शकते, आणि त्यासाठी आपण सहा महिने हाताशी ठेवले आहेत.

भात तुम्हाला सोडायचा नाही, मोजायचा आहे. दर जेवणाला 40 ग्रॅम कच्चे उकडे तांदूळ घ्यावेत, ताटाचा अर्धा भाग भाजीने भरावा आणि कडधान्य हे तोंडी लावणे न मानता भाताच्या बरोबरीने, एक भरलेली वाटी खावे. घरी भात डोंगरासारखा आणि मुगागाठी चमचाभर वाढल्या जातात, असे तुम्ही सांगितले होते. माझ्या मते खरा बदल तेथेच करायचा आहे.

सकाळी सात वाजता, बस पकडण्यापूर्वी, सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी नाचणीची एक भाकरी आणि वाटीभर अळसांद्यांची किंवा मुगाची उसळ घ्यावी. मंगळवारी आणि गुरुवारी मूगडाळीचे दोन पोळे, शनिवारी भाज्या घालून केलेला दलियाचा उपमा व मूठभर भाजलेले शेंगदाणे, आणि रविवारी पातळ भाजीसोबत एक पोई चालेल. मात्र पोई खरोखर कोंड्याच्या पिठाची आहे की मैद्यावर नुसता कोंडा भुरभुरला आहे, हे पोदेराला विचारून घ्यावे. नाचणीत कॅल्शियम भरपूर असते, म्हणून ती ठेवली आहे, पण गूळ घातलेले तिझन टाळावे. बारीक पिठाची पातळ पेज भाकरीपेक्षा लवकर पचते आणि साखरही लवकर वाढवते.

अकरा वाजता कार्यालयात एक पेरू किंवा वाटीभर पपई आणि बाटलीतून नेलेले ताक पुरेसे आहे. चहा दिवसातून दोनदा, बिनसाखरेचा किंवा जास्तीत जास्त अर्धा चमचा साखरेचा घ्यावा, आणि त्यासोबत बिस्किटे नकोत.

दुपारच्या डब्यात मोजलेला भात, तांबडी भाजी, दोडकी, भेंडी किंवा शेवग्याचा पाला यांपैकी जे स्वस्त मिळेल ते, आणि कुळथाचे किंवा चण्याचे कालवण असावे. आठवड्यातून दोनदा 25 ग्रॅम सोयाबीनच्या वड्या घालाव्यात. तेवढ्यातून सुमारे 13 ग्रॅम प्रथिने मिळतात आणि खिशालाही त्या पनीरपेक्षा परवडतात. आधी भाजी व उसळ आणि मग भात, असा क्रम ठेवल्यास जेवणानंतरची साखर कमी वाढते.

संध्याकाळी घरी पोहोचल्यावर भूक अनावर होते, हे तुमच्या नोंदवहीत स्पष्ट दिसते. बसमध्येच 30 ग्रॅम फुटाणे खाल्ले तर तिठ्यावरच्या भजी-पावाकडे पाय वळणार नाहीत. रात्री साडेआठच्या आत ज्वारीची एक भाकरी किंवा दोन लहान चपात्या, भाजी, डाळ आणि अर्धी वाटी दही घ्यावे; सोलकढी हवी असल्यास नारळाचा रस पातळ ठेवावा. खोबऱ्यावर बंदी नाही, मात्र त्यात संपृक्त स्निग्धांश जास्त असतो, म्हणून तुमच्या वाट्याला दिवसाला दोन चमचे खोबरे आणि तीन चमचे तेल एवढेच यावे. पाच जणांच्या घरात तुमचे तेल वेगळे मोजता येणार नाही, तेव्हा महिन्याला अडीच लिटरच्या वर तेल आणू नये. त्याने सर्वांचाच फायदा होईल.

एकादशीला साबुदाण्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी, शेंगदाण्याची आमटी आणि ताक घ्यावे. चवथीला नेवऱ्या अवश्य खाव्यात, पण जेवणाच्या शेवटी, एक किंवा दोन, आणि त्या दिवशी भात निम्मा करावा.

मेटफॉर्मिनची गोळी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे जेवणासोबतच घ्यावी. ती दीर्घकाळ घेताना, आणि विशेषतः शाकाहारी व्यक्तीत, बी12 कमी होऊ शकते, म्हणून त्याची तपासणी डॉक्टरांना विचारून करून घ्यावी. रात्रीच्या जेवणानंतर वीस मिनिटे चालावे.

कडधान्ये रविवारी दुपारी भिजत घालून सोमवारी मोड येताच फ्रिजमध्ये ठेवली की तीन दिवसांची सोय होते. चार आठवड्यांनी येताना पाळीची तारीख, दर सोमवारी सकाळी अनशापोटी घेतलेले वजन आणि जे दिवस पाळता आले नाहीत त्यांची नोंद आणावी. न जमलेल्या दिवसांवरूनच पुढचा महिना आखता येईल.