भांडण दोघांचंच राहिलं का? आंतरधर्मीय शांतता उपक्रमांचा उपयोग होतो की नाही हे कसं मोजायचं, गोव्यातल्या दोन वाड्यांवरून

गेल्या मे महिन्यात केपे तालुक्यातल्या एका वाड्यावर मी फील्डवर्कला होतो. खुरसाकडे ख्रिश्चनांची प्रार्थना, लादीन, चालू होती आणि पन्नासेक पावलांवर देवळाच्या मंडपात भजन, दोन्हीकडे स्पीकर. सव्वासातच्या सुमारास एका पोरानं समोरच्या स्पीकरची वायर ओढली, दुसऱ्यानं त्याची कॉलर धरली, आणि दहा मिनिटांत तिथे तीसचाळीस माणसं जमली, त्यातले निम्मे मोबाईल वर धरून शूट करत होते. पुढे काही झालं नाही. दोन माणसं आली, एक दारूचं ताव्हेर्न चालवणारा ख्रिश्चन आणि एक देवस्थान कमिटीचा खजिनदार, दोघांनी त्या पोरांना वेगवेगळ्या बाजूला नेलं आणि पंधरा मिनिटांत गर्दी पांगली. नंतर कळलं की हे दोघं गेली नऊ वर्षं वाड्याच्या फुटबॉल क्लबचा हिशेब मिळून बघतात.

त्याच पंचायतीच्या हॉलमध्ये तीन आठवडे आधी सर्वधर्म सलोखा मेळावा झाला होता. समई, पुष्पगुच्छ, पाद्री-भटजी-मौलाना एका रांगेत, पेपरात फोटो. मेळाव्याला गेलेल्यांपैकी एकालाही त्या संध्याकाळी कोणी फोन केला नाही. आयोजकांच्या रिपोर्टमध्ये मात्र मेळावा 'यशस्वी' आहे कारण उपस्थिती अपेक्षेपेक्षा जास्त होती. ह्या पेपरचा सगळा प्रश्न ह्यातूनच आला: सलोख्याच्या कामानं संघर्ष खरंच कमी होतो का, आणि होत असेल तर ते आपल्याला दिसणार कशात?

गोवा शांत आहे म्हणून मोजणं सोपं नाही, उलट अवघड आहे

२०११ च्या जनगणनेत गोव्यात हिंदू ६६ टक्के, ख्रिश्चन २५ टक्के, मुस्लिम ८ टक्क्यांच्या थोडे वर. इथे कोणालाही विचारा, पहिलं उत्तर येतं "आमकां कांयच प्रॉब्लेम ना". आणि ते खोटं नाही. म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रीस सायबीण आणि शिरगावची लईराई देवी बहिणी आहेत असं दोन्ही धर्माचे लोक मनापासून मानतात, चवथीला नेवऱ्यांचं ताट शेजारच्या ख्रिश्चन घरी जातं आणि नाताळाला तेच ताट कुस्वाद भरून परत येतं. पण मार्च २००६ मध्ये सावर्डे-कुडचडे भागात प्रार्थनेसाठी वापरल्या जाणाऱ्या एका बांधकामावरून वाद पेटला आणि मुस्लिमांची दुकानं फोडली गेली, तीही गोव्यातच. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सेंट झेवियरवरच्या एका वक्तव्यानंतर मडगावात लोक रस्त्यावर बसले. म्हणजे ताटं फिरत होती तरी हे झालं.

आता आकड्यांची अडचण बघा. समजा एखाद्या गावात मोठी घटना सरासरी वीस वर्षांत एकदा होते. तिथे तुम्ही तीन वर्षं प्रोजेक्ट चालवला आणि काहीच घडलं नाही. काहीही न करता ती तीन वर्षं शांत जायची शक्यता किती? ०.९५ चा घन, म्हणजे जवळपास ८६ टक्के. तुमचा प्रोजेक्ट नसता तरी बहुतेक शांतताच असती. पंधरा गावं घेतली तरी तीन वर्षांत सव्वादोन घटना अपेक्षित, आणि तुमच्या कामानं घटना निम्म्या झाल्या तर एकच्या थोडं वर. दोन आणि एक ह्यातला फरक नशिबाचा की कामाचा, हे कुठलंही स्टॅटिस्टिक्स सांगू शकत नाही. त्यातून प्रोजेक्ट बहुतेक दंगल झाल्यावर लगेच त्याच गावात सुरू होतात, आणि दंगलीनंतरची वर्षं तशीही शांतच जातात, म्हणजे आकडा आपोआप खाली येतो आणि श्रेय प्रोजेक्टला मिळतं.

पोलीस रेकॉर्ड वापरायचं तर आणखी एक भानगड आहे. १ जुलै २०२४ पासून आयपीसी जाऊन भारतीय न्याय संहिता आली, त्यामुळे धर्माधर्मांत वैर पसरवण्याचं जुनं कलम १५३अ आता १९६ झालं आणि धार्मिक भावना दुखावण्याचं २९५अ आता २९९. कलमं जुळवून घेतल्याशिवाय कोणी २०२४ च्या आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवले तर १५३अ चे गुन्हे एकदम 'संपलेले' दिसतील. शिवाय एफआयआर वाढणं म्हणजे वाईटच असंही नाही, आधी गप्प बसणारी माणसं आता ठाण्याची पायरी चढायला लागली असतील तर तो विश्वास वाढल्याचा पुरावा पण असू शकतो.

बाहेर काय सापडलंय

एकत्र आणलं की पूर्वग्रह कमी होतो, ही कल्पना गॉर्डन ऑलपोर्टनं १९५४ मध्ये मांडली, पण अटी घालून: बरोबरीचा दर्जा, समान ध्येय, खरं सहकार्य, आणि वरच्यांचा पाठिंबा. आपल्या मेळाव्यांत चौथी अट पूर्ण होते, बाकी तीन राहूनच जातात, खुर्चीवर बसून भाषण ऐकणं हे सहकार्य नाही.

नायजेरियातल्या कडुना शहरात अलेक्झांड्रा स्काको आणि शाना वॉरन यांनी ख्रिश्चन आणि मुस्लिम तरुणांना १६ आठवडे कम्प्युटर क्लासला एकत्र बसवलं, काही वर्ग मिश्र, काही एकाच धर्माचे. पूर्वग्रह मोजला तर फरक पडला नाही. पण वागणुकीत मिश्र वर्गातली मुलं एकधर्मी वर्गातल्यांपेक्षा कमी भेदभाव करत होती, आणि ह्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे हा फरक बऱ्याच अंशी एकधर्मी वर्गांत भेदभाव वाढल्यामुळे दिसला. म्हणजे आपल्या धर्माच्या मुलांसाठी वेगळं शिबिर, ह्या साध्या दिसणाऱ्या गोष्टीनं पण नुकसान होऊ शकतं. इराकमध्ये सलमा मूसांनी आयसिसमुळे विस्थापित झालेल्या ख्रिश्चनांच्या फुटबॉल लीगमध्ये काही टीमना मुस्लिम खेळाडू दिले. टीममेटबद्दलची वागणूक सुधारली, सहा महिन्यांनीही एकत्र सराव चालू होता, पण मैदानाबाहेरच्या अनोळखी मुस्लिमांपर्यंत ते फारसं पोचलं नाही.

आपल्याकडे आशुतोष वार्ष्णेय यांनी अलीगढ-कालिकत, हैदराबाद-लखनौ, अहमदाबाद-सुरत अशा जोड्या लावून दाखवलं की शेजारधर्म, सणाचं ताट वगैरे चांगलंच आहे पण मोठ्या शहरात ताण आला की ते पुरत नाही, तिथे युनियन, व्यापारी मंडळं, क्लब अशा दोन्हीकडच्या लोकांच्या संस्था टिकाव धरतात. भिवंडीत १९७० आणि १९८४ ला दंगली झाल्या, मग सुरेश खोपडे पोलीस अधिकारी असताना मोहल्ला कमिट्या उभ्या राहिल्या आणि १९९२-९३ ला मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. हे उदाहरण मला फार प्रिय आहे, तरी एका शहरावरून कारण सिद्ध होत नाही हे मान्य करायलाच हवं.

मग मोजायचं काय

माझं म्हणणं असं: भांडणं कमी झाली का हे विचारूच नका. माणसं एकत्र राहतात तिथे नळावरून, बांधावरून, पार्किंगवरून भांडणं होणारच. विचारायचं हे की भांडण दोघांचंच राहिलं की दोन धर्मांचं झालं. दंगल वीस वर्षांतून एकदा होते पण भांडणं दर आठवड्याला होतात, त्यामुळे आकडा पुरेसा मोठा मिळतो.

त्यासाठी वाड्यावाड्यावर एक वही ठेवायची, सेल्फ हेल्प ग्रुपमधल्या एखाद्या बाईकडे किंवा गाडेवाल्याकडे, आयोजकांकडे अजिबात नाही. भांडण कशावरून, दोघं एकाच धर्माचे की वेगवेगळ्या, पहिल्या चोवीस तासांत बाहेरचं कोण आलं, व्हिडिओ कुठल्या ग्रुपवर गेला, पहिला फोन कोणाला गेला, मिटलं कसं. नावं लिहायची नाहीत, घर क्रमांक पण नाही, कारण अशी वही चुकीच्या हाती पडली तर तीच यादी म्हणून वापरली जाईल. ही भीती खरी आहे आणि ह्याचं उत्तर देता येत नसेल तर वही सुरूच करू नये.

तुलना दोन पातळ्यांवर. पहिली, त्याच वाड्यातली: एकाच धर्माच्या दोघांचं भांडण किती वेळा वाढतं आणि दोन धर्मांच्या दोघांचं किती वेळा. एकधर्मी भांडणं ही इथे आपली मोजपट्टी, कारण गाव एकूणच तापट असेल, निवडणूक जवळ असेल, तर दोन्ही प्रकार वाढतील. आपल्याला हवंय ते त्या दोन्हींमधलं अंतर. दुसरी, वाड्यावाड्यांतली: चोवीस वाडे निवडून चिठ्ठ्या टाकायच्या, बारा वाड्यांत सलोख्याचं काम आता, बाकी बारांत अठरा महिन्यांनी. कोणालाच वगळल्यासारखं होत नाही आणि तुलना प्रामाणिक राहते. वही मात्र सगळ्या चोवीस ठिकाणी पहिल्या दिवसापासून, आणि काम सुरू व्हायच्या निदान सहा महिने आधी.

एक धोका मला दुसऱ्या वाड्यावर कळला, तो फोंड्याकडचा. तिथे भांडणं जवळजवळ नव्हतीच. मी खूश होऊन तसं लिहून घेतलं. मग एका मुस्लिम आजींनी चहा देता देता सांगितलं की आम्ही आता बोलतच नाही, मुलाला मैदानावर पाठवत नाही, खोली भाड्यानं मागायला गेलं की आधी नाव विचारतात म्हणून जातच नाही. अशी शांतता वहीत उत्तम दिसेल. म्हणून वहीच्या जोडीला आणखी दोन गोष्टी बघाव्या लागतात: कमी संख्येचे लोक मैदान, विहीर, जत्रेचा रस्ता अजून वापरतात का, आणि वेगळ्या नावानं खोली मागितली तर घरमालकाचं उत्तर बदलतं का. हे दुसरं साध्या फोनवरून तपासता येतं, दोन सारखेच भाडेकरू, फक्त नाव वेगळं.

सर्व्हेमध्ये "तुम्हाला दुसऱ्या धर्माच्या लोकांबद्दल काय वाटतं" विचारण्यावर मी वेळ घालवणार नाही. गोव्यात ह्याचं उत्तर पाठ आहे.

कधी म्हणायचं की नाही जमलं

हे आधी लिहून ठेवलं पाहिजे, निकाल हातात आल्यावर नाही. माझ्या आराखड्यात तीन गोष्टी ठरल्यात. अठरा महिन्यांनी काम झालेल्या बारा वाड्यांत ते अंतर बाकीच्या बारांपेक्षा कमी झालं नसेल तर उपक्रम अयशस्वी. अंतर कमी झालं पण मैदान-विहिरीचा वापर घटला असेल तरी अयशस्वी, कारण मग आपण फक्त गप्प बसवलंय. आणि तिसरं, पहिला फोन अजूनही ठाण्यालाच जात असेल, वाड्यातल्या कोणाला नाही, तर बाकी आकडे चांगले असले तरी वाड्याची स्वतःची भांडण मिटवणारी कमिटी उभी राहिली असं मी लिहिणार नाही. हे पान मी दोन्ही वाड्यांच्या पंचांना आणि पैसे देणाऱ्यांना काम सुरू व्हायच्या आधी सहीसकट देणार आहे. फुटबॉल क्लबच्या त्या दोघांनी ते वाचलंय, आणि खजिनदारानं एकच बदल सुचवला की वहीत भांडण मिटवायला आलेल्याचं वयही लिहा, कारण आमच्यानंतर कोण येणार हे आम्हालाच माहीत नाही. तो रकाना घातलाय.